गाळणे मराठीत, क्रिएटिनिन इंग्रजीत

प्रश्न: मी नर्सिंग स्कूलमध्ये शिकवते. एएनएमच्या मुलींसाठी मराठीत पाठ्यपुस्तक लिहायचं काम अंगावर घेतलंय आणि मूत्रपिंडाच्या प्रकरणात अडकले आहे. कोशातले शब्द घातले तर मुलींना कळत नाहीत. इंग्रजी शब्द तसेच ठेवले तर पुस्तक मराठी वाटत नाही. नवा शब्द कधी घडवायचा आणि इंग्रजी शब्द कधी तसाच ठेवायचा, याचा काही नियम आहे का?

उत्तर:

मूत्रपिंडाचं हेच प्रकरण मी तीन वेळा लिहिलं आहे. पहिल्या खेपेला कोश शेजारी ठेवून लिहिलं. त्यातलं एक वाक्य असं होतं: "केशिकागुच्छात रक्ताचे निस्यंदन होऊन निर्माण झालेल्या निस्यंदातील जल व लवणे यांचे नलिकांमध्ये पुनःशोषण होते." वर्गात वाचून दाखवलं तेव्हा मुली वहीत उतरवून घेत होत्या, पण एकीचीही मान वर आली नाही. मग वैतागून दुसरा खर्डा केला: "ग्लोमेरुलसमध्ये ब्लडचे फिल्ट्रेशन होऊन तयार झालेल्या फिल्ट्रेटमधील वॉटर आणि सॉल्ट्सचे ट्यूब्यूल्समध्ये रिॲब्सॉर्प्शन होते." याही वेळी माना खालीच.

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर मला माझी चूक दिसली. शब्द बदलले होते, वाक्य तेच होतं. दोन्हीकडे सगळा अर्थ नामांमध्ये कोंबलेला आणि क्रियापद म्हणून बिचारं एक "होणे" राबतंय. "निस्यंदन होते" आणि "फिल्ट्रेशन होते" यांत मराठी काय आहे? "होते" एवढंच. कोशातला शब्द की इंग्रजी शब्द हा झगडा मी ज्या वाक्यात घालत होतो, ते वाक्यच इंग्रजी पाठ्यपुस्तकातून उचललेलं होतं.

तिसऱ्या खेपेला असं लिहिलं: "ग्लोमेरुलस म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. रक्त त्यातून जाताना पाणी आणि पाण्यात विरघळलेले पदार्थ गाळले जाऊन पलीकडे उतरतात; रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिने रक्तातच राहतात. पुढच्या नळीतून जाताना या गाळलेल्या पाण्यातले जवळजवळ सगळे शरीर परत शोषून घेते." आता पारिभाषिक शब्द मोजा. ग्लोमेरुलस एकटा उरला. निस्यंदन आणि पुनःशोषण यांची गरजच पडली नाही, कारण गाळणे आणि शोषणे ही क्रियापदं मराठीत पहिल्यापासून आहेत.

म्हणून माझा पहिला सल्ला हा की "घडवू की उसना घेऊ" हा प्रश्न लगेच विचारूच नका. आधी बघा, ती संज्ञा एखाद्या क्रियेचं नाव आहे का. असेल तर तिला क्रियापदात उतरवा. शरीरक्रियेच्या प्रकरणातल्या निम्म्याअधिक अवघड शब्दांचा निकाल इथेच लागतो. जे उरतात त्यांच्यासाठी पुढचा विचार.

पण ओळखीचं क्रियापद मिळालं म्हणजे काम झालं असंही नाही, आणि हे मला "गाळणे"नेच शिकवलं. "मूत्रपिंड रक्त गाळते" हे वाक्य मुलींना लगेच कळलं. फार लगेच कळलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. परीक्षेत एकीने आकृती काढली: मूत्रपिंडाच्या मधोमध गाळणी, गाळणीत काळा कचरा, आणि खाली स्वच्छ रक्त. तिचं काय चुकलं? घरी चहा गाळताना चोथा गाळणीत राहतो आणि हवं ते खाली येतं. शिवाय "गाळ" म्हणजे आपल्याकडे तळाशी बसलेली घाण, धरणात साचतो तो. मूत्रपिंडात उलट आहे. जपायच्या गोष्टी, म्हणजे रक्तपेशी आणि प्रथिनं, गाळणीच्या अलीकडे राहतात. टाकायच्या गोष्टी पाण्याबरोबर पलीकडे जातात, आणि त्यांच्यासोबत पुष्कळशा हव्या त्या गोष्टीही जातात, ज्या नंतर परत घ्याव्या लागतात. घरगुती शब्द आपली घरगुती प्रतिमा सोबत घेऊन येतो. ती प्रतिमा कुठे जुळते आणि कुठे फसवते हे त्याच पानावर सांगावं लागतं. आता मी लिहितो: "चहाच्या गाळणीत टाकायचे वर राहते. इथे जपायचे मागे राहते." ही दोन वाक्यं घातल्यापासून तशी आकृती पुन्हा आली नाही.

पलीकडे उतरलेल्या त्या पाण्याला मात्र नाव हवंच होतं. प्रकरणात ते तीसेक वेळा येतं, आणि दर वेळी "गाळून पलीकडे गेलेले पाणी" लिहिता येत नाही. फिल्ट्रेट हा शब्द मुलींना कुठल्या रिपोर्टवर दिसणार नाही, डॉक्टरांच्या तोंडूनही क्वचितच ऐकू येईल. म्हणजे उसना घेऊन काही हाती लागत नाही. तो लघवी नव्हे हेही ठसवायचं होतं. म्हणून "गाळीव" हा विशेषणासारखा वापरला जाणारा जुना शब्द नाम म्हणून उभा केला: गाळीव तयार होतो, गाळिवातली साखर परत शोषली जाते. त्यातूनच "गाळणवेग" आला, म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं मिळून दर मिनिटाला किती गाळीव तयार करतात तो आकडा. निरोगी तरुण माणसात तो साधारण 125 मिली असतो. वर्गात फळ्यावर गुणाकार करायला लावतो: 125 गुणिले 60 गुणिले 24, म्हणजे दिवसाला 180 लिटर. लघवी होते दीड लिटरच्या आसपास. उरलेलं कुठे गेलं? इथे "परत शोषून घेणे" आपोआप समजतं, शब्द पाठ करावा लागत नाही.

"गाळणवेग" मी घडवला, पण रिपोर्टवर ईजीएफआर छापलेलं असतं, आणि मुलीला वॉर्डात तेच वाचायचं आहे. म्हणून पुस्तकात संकल्पना समजावताना गाळणवेग, आणि पहिल्याच उल्लेखात "रिपोर्टवर हा ईजीएफआर या नावाने येतो" हे वाक्य. दोन्ही शब्दांची कामं वेगळी आहेत. एक समजण्यासाठी, दुसरा ओळखण्यासाठी.

यावरून दुसरी कसोटी येते. उद्या ही मुलगी हा शब्द कुठे वाचणार आहे आणि कोणाला सांगणार आहे? क्रिएटिनिन, युरिया, पोटॅशियम हे रिपोर्टवर छापलेले असतात. फ्युरोसेमाइड स्ट्रिपवर असतं. फोलीचा कॅथेटर पाकिटावर असतो. रात्रपाळीला डॉक्टरांना फोन करून ती "क्रिएटिनिन 4.2 आलंय" असंच सांगणार. या शब्दांना मराठी पर्याय देणं म्हणजे तिला एका गोष्टीसाठी दोन नावं पाठ करायला लावणं, आणि त्यातलं एक कुठेच उपयोगी नाही. जिथे नाव हे लेबल आहे तिथे लेबल बदलू नका. केंद्राच्या वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाची तत्त्वंही इथे आपल्या बाजूची आहेत: मूलद्रव्यं आणि संयुगं, मापनाची एककं, व्यक्तींच्या नावावरून पडलेल्या संज्ञा आणि जीवजातींची द्विनाम पद्धतीची नावं आंतरराष्ट्रीय रूपातच ठेवावीत असं आयोग सांगतो. कोणी "हे मराठी नाही" म्हणून अंगावर आलं तर हे पुढे करता येतं.

पोटॅशियमवरून एक आठवलं. खतांच्या पोत्यांमुळे नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी खेड्यातल्या मुलींना तोंडपाठ असते. एका सहकाऱ्याने सुचवलं होतं की पोटॅशियमला पालाश लिहू, शब्द ओळखीचा आहे. ओळखीचा आहे, पण खताचा आहे. रक्तात पालाश वाढला असं नातेवाइकांना सांगितलं तर काय होईल याची कल्पना करा. युरियाच्या बाबतीत हे घडतंच. "रक्तात युरिया वाढला" म्हटल्यावर एक आजोबा मला म्हणाले होते, "पण आम्ही तर दोन वर्षं शेणखतच वापरतोय." पदार्थ तोच, हे खरं आहे. पण शरीर तो स्वतःच तयार करतं, हे वाक्य पुस्तकात त्या शब्दाला चिकटूनच यायला हवं. तिथे दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही.

डायलिसिसला कोशात "अपोहन" आहे. व्युत्पत्तीने शब्द वाईट नाही. पण गावातली म्हातारीही "त्यांना डायलिसिसला नेलंय" म्हणते, केंद्राच्या पाटीवर तेच लिहिलेलं असतं. जिथे पेशंट, नातेवाईक, डॉक्टर आणि पाटी या चौघांचं एकमत झालंय तिथे पुस्तकाने पाचवं मत देऊ नये. मात्र डायलिसिसच्या यंत्रात जे घडतं त्याचं स्पष्टीकरण पूर्ण मराठीत हवं: पडद्याच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला द्रव, जिकडे युरिया जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे तो सरकतो. याला शालेय पुस्तकात "विसरण" म्हणतात आणि तोच शब्द घ्या. पाणी सरकण्याला जुन्या लेखनात "तर्षण" सापडेल. मला तो शब्द फार आवडतो, तहानेची आठवण करून देणारा आहे. तरीही मी "परासरण" लिहितो, कारण मराठी माध्यमातून आलेली मुलगी पाण्यात मनुका फुगवण्याचा प्रयोग करून तोच शब्द शिकलेली असते. शाळेने एकदा शब्द शिकवला असेल तर त्याहून सुंदर शब्द सुचला तरी गिळून टाकायचा. जनुक, संप्रेरक, जीवनसत्त्व, विषाणू हे सगळे शाळेने रुजवलेले आहेत. ते पुस्तकात निर्धास्तपणे वापरा.

आता ज्या जागी घडवलेला शब्दही चुकतो आणि उसना शब्दही चुकतो, तिथे जरा थांबू या, कारण पेशंटला धोका इथे आहे.

रक्तात पोटॅशियम वाढणं म्हणजे हायपरकॅलेमिया. कमी होणं म्हणजे हायपोकॅलेमिया. कॅल्शियम कमी होणं म्हणजे हायपोकॅल्सेमिया. हे तिन्ही शब्द देवनागरीत एका ओळीत लिहा आणि हातभर अंतरावरून वाचा. "पर" आणि "पो" यांत फरक एका अक्षराचा, "ले" आणि "ल्से" यांत अर्ध्या अक्षराचा. फोनवर ऐकताना तर तोही उरत नाही. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या पेशंटमध्ये पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो. कमी झालं तर उपचार बरोबर उलटा. ज्या दोन शब्दांत गल्लत झाली तर माणूस दगावेल ते दोन शब्द इतके सारखे असून चालणार नाही. मग संस्कृताकडे जावं तर "अतिपोटॅशियमरक्तता" आणि "न्यूनपोटॅशियमरक्तता". हे कोणी उच्चारणार नाही.

इथे शब्दच नको. "पोटॅशियम वाढणे" आणि "पोटॅशियम कमी होणे" एवढंच लिहा. मराठीत वाढणे आणि कमी होणे ही क्रियापदं ऐकायलाही वेगळी आहेत, घाईत त्यांची अदलाबदल होत नाही. त्यापुढे आकडा: साधारण 3.5 ते 5 मिलिइक्विव्हॅलंट दर लिटरला हे नेहमीचं प्रमाण. हायपरकॅलेमिया हा शब्द प्रकरणाच्या शेवटी "डॉक्टरांच्या तोंडी येणारे शब्द" अशा चौकटीत द्या, ऐकल्यावर ओळखता यावा एवढ्यासाठी. तिने स्वतः तो बोलावा म्हणून नव्हे. मुलींना मी स्पष्ट सांगतो: फोनवर कधीही हायपो-हायपर म्हणायचं नाही, पदार्थाचं नाव आणि आकडा सांगायचा. हेच "रक्तातली साखर"बद्दलही.

2020 मध्ये नेमकी हीच चूक उलट्या बाजूने झाली होती. आजारी माणसाला वेगळं ठेवणं आणि केवळ संपर्कात आलेल्याला वेगळं ठेवणं या दोन भिन्न गोष्टी. त्यांच्यासाठी विलगीकरण आणि अलगीकरण असे शब्द पुढे आले. दोन्हींचा शब्दशः अर्थ एकच, रूपात फरक एका अक्षराचा. लोकांनी दोन्ही बाजूला ठेवले आणि "क्वारंटाइन केलंय" असं म्हणू लागले, कोणालाही, कशासाठीही. भेद दाखवायला शब्दांची जोडी घडवायची असेल तर त्या जोडीतले शब्द कानाला लांबचे हवेत. हे फार कमी वेळा पाळलं जातं, कारण घडवणारा माणूस शब्द कागदावर बघत असतो.

"तीव्र" हा माझ्या मते मराठी वैद्यकीय लेखनातला सगळ्यात उपद्रवी शब्द आहे. इंग्रजीतल्या अक्यूटला आपण तीव्र म्हणतो आणि सीव्हिअरलाही तीव्रच म्हणतो. पहिल्याचा अर्थ "अचानक, थोड्या काळात उद्भवलेला", दुसऱ्याचा "जोरदार". अक्यूट पण सौम्य असं दुखणं असू शकतं. क्रॉनिक आणि अतिशय गंभीरही असू शकतं. आमच्या पहिल्या आवृत्तीत "तीव्र मूत्रपिंड विकार" आणि "जुनाट मूत्रपिंड विकार" असे दोन भाग होते. मुलींनी काय अर्थ घेतला ते चाचणीत कळलं: तीव्र म्हणजे धोक्याचा, जुनाट म्हणजे अंगवळणी पडलेला, फार काळजीचा नाही. जुनाट खोकला, जुनाट सर्दी म्हणतात तसा. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. अचानक बिघडलेली मूत्रपिंडं, जुलाबाने शरीरातलं पाणी गेल्यामुळे वगैरे, वेळेत उपचार झाले तर पुष्कळदा सावरतात. दीर्घकाळ चाललेल्या बिघाडात गेलेलं काम सहसा परत येत नाही.

मी तिथे "आकस्मिक" आणि "दीर्घकालीन" लिहिलं, आणि व्याख्येतच काळ घातला: पहिला तासांत किंवा दिवसांत झालेला, दुसरा तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला. "तीव्र" हा शब्द फक्त जोर सांगायला राखून ठेवला. नवीन काही घडवलं नाही. जुन्या शब्दाच्या डोक्यावरचं एक ओझं उतरवलं.

त्याच प्रकरणात "निकामी". किडनी फेल झाली याला वर्तमानपत्रं "मूत्रपिंड निकामी" म्हणतात आणि मीही वर सवयीने तसंच लिहून गेलो. निकामी म्हणजे आपल्या कानाला भंगारात टाकायची वस्तू. आकस्मिक बिघाडाच्या पेशंटच्या बायकोला मुलीने हा शब्द सांगितला तर ती रडायला बसेल. पुस्तकात "काम मंदावणे" आणि "काम थांबणे" असे दोन टप्पे करा.

कोशातला शब्द घ्यायचा तेव्हा त्या शब्दाची खुर्ची रिकामी आहे का हेही पाहायला लागतं. मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला इंग्रजीत मेडुला म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ हाडातला मगज. म्हणून कोणी शब्दशः "मज्जा" लिहिलं तर? मराठीत अस्थिमज्जा हाडात, मज्जारज्जू पाठीच्या कण्यात, मज्जासंस्था अंगभर. आता चौथी मज्जा मूत्रपिंडात नको. मी "आतला भाग" आणि "बाहेरचा थर" लिहितो, काही अडत नाही. तुमच्या वर्गात आयुर्वेदाकडून आलेले शिक्षक असतील तर अधिकच सांभाळा: मराठीत पेशी म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक, सुश्रुताकडे पेशी म्हणजे मांसपेशी आणि त्या पाचशे. आपला स्नायू आकुंचन पावतो, त्यांचा स्नायू सांधे बांधून ठेवतो. एकाच वर्गात सकाळी एक अर्थ आणि दुपारी दुसरा, असं मी पाहिलेलं आहे.

मूत्रनलिका हाही असाच व्यापलेला शब्द. काही लेखक तो मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीला वापरतात, काही मूत्राशयातून बाहेर जाणाऱ्या मार्गाला, काही मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांना. कॅथेटर घालायला शिकणाऱ्या मुलीच्या पुस्तकात हा गोंधळ परवडत नाही. मी तो शब्द पूर्ण काढून टाकला. मूत्रपिंडांतून मूत्राशयाकडे येणाऱ्या दोघींना मूत्रवाहिनी, मूत्राशयातून बाहेर जाणाऱ्या एकाला मूत्रमार्ग. इथे इंग्रजी ठेवून काही फायदा नाही, कारण युरेटर आणि युरेथ्रा ही जोडी इंग्रजीतही फसवी आहे. मूत्रमार्ग स्त्रीमध्ये सुमारे 4 सेंटिमीटर आणि पुरुषात सुमारे 20, हे सांगितलं की कॅथेटर किती आत जाईल आणि बायकांना जंतुसंसर्ग अधिक का होतो हे दोन्ही एका दमात समजतं.

माझा सपशेल पडलेला शब्द सांगतो. लघवी कमी होण्याला कोशातून "अल्पमूत्रता" आणि अजिबात न होण्याला "अमूत्रता" घेतलं होतं. छान जोडी वाटली. पुस्तक मिटायला सांगून अर्थ विचारला तेव्हा एकीने लिहिलं, "अल्पमूत्रता म्हणजे लहान मुलांची लघवी." दुसरीने अमूत्रतेचा संबंध अमृताशी जोडला. हसण्यावारी नेलं, पण शब्द काढले. "24 तासांत 400 मिलीपेक्षा कमी लघवी" हे चार-पाच शब्द जास्त जागा घेतात, पण त्यात कृती आहे: मोजायचं आहे, किती ते माहीत आहे, कमी झालं तर कळवायचं आहे.

"लघवी" लिहायचं की "मूत्र" यावर संपादक मंडळात तासभर वाद होतो. माझा तोडगा साधा आहे. सुटा शब्द आला तर लघवी, समासात मूत्र. लघवीला समास जमत नाही. "लघवीपिंड" कोणी म्हणणार नाही. आणि "पेशंटला मूत्र झाले का?" असंही कोणी विचारत नाही. पुस्तकातल्या मुलीने पेशंटशी बोलण्याच्या संवादांत "किडनी" येऊ द्या, मजकुरात मूत्रपिंड ठेवा. किडनी आता पुरती मराठी झालीच आहे. "दोन्ही किडन्या" असं अनेकवचन लोक सहज करतात, त्याहून मोठा दाखला कोणता?

उसना शब्द घेतलात की त्याला मराठी व्याकरणात बसवायचं काम तुमचं. इंग्रजी अनेकवचन आणू नका: प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात, "नेफ्रॉन्स" नव्हे, आणि "ग्लोमेरुलाय" तर मुळीच नव्हे. लिंग वॉर्डात कान देऊन ठरवा. युरिया वाढला, क्रिएटिनिन वाढलं असं सगळे म्हणतात. डायलिसिस काही जणांचा "केला" असतो, काहींचं "केलं". कोणतंही एक घ्या, पण पान 40 वर पुल्लिंगी आणि पान 52 वर नपुंसकलिंगी नको. यासाठी मी लिहायला बसण्याआधीच एक साधी वही करतो. प्रत्येक उसन्या शब्दापुढे लेखन, लिंग आणि एक नमुना वाक्य. क्रिएटिनिन की क्रियाटिनीन हा निर्णय एकदाच घ्यायचा. शिवाय प्रत्येक उसना शब्द पहिल्यांदा येतो तिथे पुस्तकात त्याचं रोमन लिपीतलं रूपही छापा, कारण तिला रिपोर्ट त्या लिपीत वाचायचा आहे. देवनागरीत क्रिएटिनिन घोकलेल्या मुलीला रिपोर्टवरचा शब्द ओळखता आला नाही, हे मी बघितलंय.

ऑक्टोबर 2022 मध्ये भोपाळला एमबीबीएसची हिंदी पुस्तकं प्रसिद्ध झाली, त्यांत संज्ञा बहुतांशी इंग्रजीच, देवनागरीत लिहिलेल्या आहेत. त्यावर बरीच टीका झाली. मला ती थोडी अन्यायाची वाटते: तो विद्यार्थी पुढे इंग्रजी ग्रंथ वाचणार आहे, त्याला संज्ञा लागणारच. तुमची एएनएम मुलगी उपकेंद्रात जाणार, दिवसभर बायकांशी मराठीत बोलणार आणि महिन्यातून काही वेळा रिपोर्ट वाचणार. त्यामुळे त्या पुस्तकांची पद्धत जशीच्या तशी उचलू नका, आणि तुमचं पुस्तक त्यांच्यापेक्षा "शुद्ध" व्हावं म्हणूनही झटू नका.

नवा शब्द घडवलात तर छापण्याआधी तो तपासा. मी एवढंच करतो. ज्यांनी प्रकरण वाचलेलं नाही अशा पाच-सहा जणींना नुसता शब्द सांगून अर्थ विचारतो. बरोबर अर्थ आला नाही तरी चालतं; चुकीचा अर्थ ठामपणे आला तर शब्द बाद. मग प्रकरण शिकवून आठवड्याने तोंडी विचारतो, आणि त्या स्वतः कोणता शब्द वापरतात ते टिपतो. "गाळीव" त्यांच्या तोंडी आला. माझ्या दुसऱ्या एका लाडक्या शब्दाच्या जागी मुली सरळ "ते पाणी" म्हणत होत्या, मग तोही गेला. आणि प्रकरणात चार-पाच वेळांहून कमी येणाऱ्या गोष्टीसाठी शब्द घडवायच्या भानगडीत पडतच नाही. तिथे वर्णन पुरतं.

तुमच्या प्रकरणात आधी "होते" आणि "केले जाते" यांखाली रेघा मारून बघा. ज्या पानावर दहाहून जास्त निघतील ते पान आधी नव्याने लिहा, शब्दांची यादी त्यानंतर करा. मूत्रमार्ग आणि मूत्रवाहिनीची आकृती काढणाऱ्या चित्रकाराला मात्र आजच फोन करा. त्याच्याकडे जुन्या पुस्तकातली नावं असतील आणि मूत्रनलिका तिथूनच परत शिरेल.